घसा खवखवला तो दिवस शून्य

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं. ज्या ताई आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी थोडं नीट करून लिहून काढलं आहे.)



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. सतरंजीवर बारा बायका बसलेल्या. एक ताई पदर तोंडावर धरून बसली होती आणि सारखी घसा खाकरत होती. मी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाली, "काही नाही मॅडम, सकाळपासून घसा खवखवायलाय. आले नसते तर दंड लागला असता." तिच्या एका बाजूला पोटुशी सून होती, दुसऱ्या बाजूला साखरेचा आजार असलेली मावशी. दंड वाचला, पण त्या खवखवीमागं कोरोना असता तर?

त्या ताईला मी काय बोलणार? तीच चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीसुद्धा समाजकार्याचं शिक्षण घेत असताना. म्हणून आज औषधाचं नाही, फक्त पहिल्या चार-पाच दिवसांचं बोलणार आहे. घसा दुखायला लागला की वेगळं कधी राहायचं, तपासणी कधी करायची, आणि कधी तपासणीची गरजच नसते, एवढंच.

आमच्या घरी काय झालं

2022 सालची वेळ अमावस्या 2 जानेवारीला, रविवारी आली होती. लातूरकडच्या ताईंना सांगायची गरज नाही, नांदेडकडच्यांसाठी सांगते. त्या दिवशी आमच्याकडं गाव रिकामं होतं आणि रान भरतं. कोपीत पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल. पुण्याहून पाहुणे आले होते. सगळे एका कोपीभोवती दाटीनं जेवलो.

बुधवारी संध्याकाळी माझा घसा खरखरायला लागला. ताप नाही, खोकला नाही, वास-चव सगळं जागेवर. आई म्हणाली, "गार आंबिल प्यालीस ना तांब्याभर, त्याचंच आहे." मलाही ते पटलं. आंबिल पिऊन तीन दिवस झाले होते, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

तरी मी शिकलेली, म्हणून गुरुवारी सकाळी मेडिकलमधून घरी करायची किट आणली. नाकात काडी फिरवली, पंधरा मिनिटं थांबले. एकच रेघ. म्हणजे निगेटिव्ह. मी मोकळी झाले. त्या रात्री नेहमीसारखी आजीच्या अंथरुणाजवळच झोपले, तिचे पाय चेपले, गप्पा मारल्या.

शुक्रवारी संध्याकाळी मला ताप भरला. शनिवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. रविवारी आजीचा घसा दुखायला लागला. आजीला साखर, वय सत्तरच्या पुढं. लसीचे दोन डोस झालेले होते, ते नशीब. चौथ्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रात तिचा ऑक्सिजन 91 दिसला आणि तिला लातूरला ॲडमिट करावं लागलं. सहा दिवसांनी घरी आली. पण पूर्वी ती एकटी रानात चालत जायची, त्यानंतर गेली नाही.

माझी किट खोटी नव्हती. मी तिला चुकीच्या दिवशी प्रश्न विचारला, आणि तिच्या उत्तरावर नको तेवढा भरवसा ठेवला.

पहिल्या दिवशी किट का चुकते

विषाणू अंगात शिरला की लगेच काही होत नाही. ओमिक्रॉनच्या वेळी साधारण तीन दिवसांनी लक्षणं दिसायची, आधीच्या प्रकारांत पाच-सहा दिवस लागायचे. आमचं गणित तसंच बसतं. रविवारी कोपीत जेवलो, बुधवारी घसा धरला.

ओमिक्रॉननंतर आणखी एक बदल झाला. 2020 मध्ये आपण ताप, खोकला आणि वास जाणं यावर लक्ष ठेवायचो. नंतर घसा खवखवणं हेच पुष्कळ लोकांचं पहिलं लक्षण झालं. वास जाणं कमी झालं. काही अभ्यासांत असंही दिसलं की विषाणू घशात आधी सापडतो आणि नाकात भरपूर व्हायला त्याला एक-दोन दिवस जास्त लागतात. आपण काडी फिरवतो ती नाकात! शिवाय लस झालेली असली किंवा आजार आधी होऊन गेला असला, तर शरीर विषाणूला लवकर ओळखून लढायला लागतं. म्हणून विषाणू कमी असतानाच घसा दुखायला लागतो.

किटला मात्र विषाणू भरपूर लागतो. आरटीपीसीआरच्या तपासणीत प्रयोगशाळेत विषाणूचा अंश कोट्यवधी पटीनं वाढवून बघतात, त्यामुळं थोडासा असला तरी सापडतो. किटमध्ये तसं काही वाढवत नाहीत. जेवढा काडीवर आला तेवढाच. म्हणून दोन रेघा आल्या तर विश्वास ठेवायचा. घसा दुखत असताना एकच रेघ आली, तर "अजून सांगता येत नाही" एवढाच अर्थ घ्यायचा. 2020 मध्ये ही झटपट तपासणी सुरू झाली तेव्हापासून आयसीएमआरचंही हेच सांगणं होतं, की लक्षणं असून झटपट तपासणी निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करून खात्री करा.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही आहे. लक्षण दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून आणि नंतरचे पहिले काही दिवस माणूस दुसऱ्याला आजार जास्त देतो. म्हणजे किट "नाही" म्हणत असते ते दिवसही धोक्याचेच असतात. मी आजीजवळ झोपले तो नेमका तसाच दिवस होता.

नांदेडनं हे आधी पाहिलं होतं

2020 च्या मार्चअखेरीस लॉकडाऊन लागलं, तेव्हा नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात पंजाबचे सुमारे चार हजार यात्रेकरू अडकले. महिनाभरानं एप्रिलच्या शेवटी त्यांना बसनं घरी पाठवलं. त्यांची तपासणी झाली होती आणि लक्षणं नव्हती, असं इथलं म्हणणं होतं. पंजाबात पोचल्यावर त्यांचे नाकाघशाचे नमुने घेतले तेव्हा शेकडो जण पॉझिटिव्ह निघाले. मग आजार इथून गेला की वाटेत लागला यावर दोन्हीकडून पुष्कळ बोललं गेलं.

त्या वादात आपल्याला जायचं नाही, आणि बिचाऱ्या यात्रेकरूंचा तर त्यात काहीच दोष नव्हता. आपल्याला त्यातून घ्यायची गोष्ट एवढीच, की ताप नाही म्हणजे कोरोना नाही, असं होत नाही. कपाळासमोर धरायचं ते यंत्र ताप मोजतं, आजार मोजत नाही. बसभर माणसांना ताप नसेल तरी त्यात आजार प्रवास करू शकतो. मग गटाच्या सतरंजीवरही करू शकतो.

मग करायचं काय? आधी वेगळं, मग तपासणी

आपण उलटं करतो. तपासणी होईपर्यंत सगळ्यांत मिसळतो आणि पॉझिटिव्ह आल्यावर कोपऱ्यात बसतो. तोवर द्यायचं ते देऊन झालेलं असतं. म्हणून ज्या दिवशी घसा खवखवला तो दिवस शून्य धरा आणि त्याच दिवसापासून घरातल्या नाजूक माणसांपासून लांब व्हा. नाजूक म्हणजे म्हातारी माणसं, साखर, दमा, किडनी किंवा हृदयाचा आजार असलेली, टीबीचं किंवा कॅन्सरचं औषध चालू असलेली, आणि पोटुशी बाई.

आता तुम्ही म्हणाल, "मॅडम, दोन खोल्यांचं घर, वेगळं राहायचं कुठं? आणि भाकरी कोण करील?" खरं आहे. म्हणून मी चौदा दिवस खोली बंद करून बसा म्हणत नाही. जमेल ते सांगते. झोपायची जागा बदला, कारण रात्रीचे सात-आठ तास एकाच बंद हवेत जातात. थंडी-पाऊस नसेल तर ओसरीवर झोपा. घरात झोपायचं तर खिडकी-दार उघडं ठेवा, आणि आजी किंवा सून दुसऱ्या खोलीत. स्वयंपाक करावाच लागला तर नाकातोंडावर मास्क लावून करा. पदर सैल असतो, बाजूनं हवा जाते, त्यावर राहू नका. तुम्ही वाढू नका, दुसऱ्याला वाढू द्या. एका ताटात जेवू नका. लेकरू अंगावर पीत असेल तर दूध तोडायचं नाही. हात धुऊन, मास्क लावून पाजत राहायचं.

आता तपासणी. ती केव्हा करावी याला मी एक सोपा प्रश्न लावते: उत्तरानं माझ्या घरात काही बदलणार आहे का?

घरात नाजूक माणूस असेल, किंवा तुम्ही स्वतःच तशा असाल, तर बदलतं. कारण नाजूक माणसाला डॉक्टर काही औषधं देऊ शकतात, ती पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तरच उपयोगी पडतात. पाच दिवस काढा पिऊन सहाव्या दिवशी गेलं तर ती वेळ निघून जाते. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, अंगणवाडीच्या ताई, दवाखान्यात काम करणाऱ्या, लग्नाला किंवा मोठ्या बैठकीला निघालेल्या, यांच्यासाठीही उत्तरानं बदलतं. त्यांनी तपासावं.

घरात सगळे धडधाकट आहेत, गर्दीत जायचं नाही, त्रास हलका आहे, तर उत्तर काहीही आलं तरी करायचं तेच आहे. चार-पाच दिवस जपून राहायचं. तिथं पैसे घालायची गरज नाही. आणि कुणी पाहुणा पॉझिटिव्ह निघाला म्हणून, काहीच त्रास नसताना, दुसऱ्याच दिवशी सगळ्या घरानं रांग लावायची तर मुळीच गरज नाही. इतक्या लवकर काही सापडत नाही. घरातल्या नाजूक माणसाचं मात्र डॉक्टरांना विचारून चौथ्या-पाचव्या दिवशी बघावं, आणि त्रास सुरू झाला तर त्याआधीच.

किट घरी करायची असेल तर आधी तिच्यावरची तारीख बघा. आतली चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घ्या, कारण प्रत्येक कंपनीची रीत थोडी वेगळी असते. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या किटला 2021 च्या मे महिन्यात आयसीएमआरनं मान्यता दिली, ती आपल्या देशातली घरी करायची पहिली किट. साधारण अशी रीत असते. शेंबूड आधी शिंकरून टाकायचा, हात धुवायचे, काडी नाकपुडीत दोन-अडीच सेंटीमीटर आत घालून भिंतीला लावत पाच वेळा फिरवायची, मग त्याच काडीनं दुसरी नाकपुडी. नुसतं टोक लावून काढलं तर काही येत नाही, बहुतेकींची चूक तिथंच होते. काडी नळीतल्या पाण्यात घोळायची, पट्टीवर दोन थेंब टाकायचे आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबायचं. 'सी' जवळची रेघ आलीच पाहिजे. ती नाही आली तर किट वाया गेली. 'टी' जवळ फिकट रेघ जरी वेळेत दिसली तरी ती पॉझिटिव्ह. तासाभरानं पुन्हा बघून उमटलेली रेघ धरायची नाही. नाकाची किट घशात घालू नका, ती तशी बनवलेली नाही.

पहिली निगेटिव्ह आली तर 48 तासांनी दुसरी करा. त्या दोन दिवसांत वेगळंच राहायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. मी बुधवारी घसा धरल्यावर त्याच रात्री ओसरीवर झोपले असते, गुरुवारची किट निगेटिव्ह आली तरी तिथंच राहिले असते आणि शनिवारी पुन्हा तपासलं असतं, तर आजीचं कदाचित टळलं असतं. नाजूक माणसाला स्वतःला त्रास होत असेल तर दोन किटांच्या मध्ये वाट बघू नका, सरळ आरोग्य केंद्रात जा आणि आरटीपीसीआरचं विचारा.

किती दिवस

2022 च्या जानेवारीत सरकारी नियम असा झाला होता, की पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नको. पुन्हा तपासणी करायची गरज नाही. आता तशी सक्ती कुणी करत नाही, पण विषाणूचं वागणं तेच आहे. तेव्हा दिवस शून्यापासून पुढचे पाच दिवस वेगळं राहा. नंतर औषध न घेता पूर्ण एक दिवस ताप नसेल आणि घसा उतारावर असेल तर कामाला लागा. दहाव्या दिवसापर्यंत मात्र नाजूक माणसांजवळ मास्क लावूनच बसा. "बरी झाले का बघू" म्हणून आरटीपीसीआर करू नका. विषाणूचे मेलेले तुकडेसुद्धा तिच्यात कित्येक आठवडे सापडतात आणि बाई उगीच घाबरते.

या दिवसांत मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा, बरं वाटतं. विषाणू त्यानं मरत नाही, पण घसा हलका होतो. उठसूट सलाईन आणि अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर त्यांचा उपयोग नाही. आणि "ताकदीची गोळी" म्हणून कुणी स्टिरॉइड देत असेल तर आधी नीट डॉक्टरांना विचारा. साखर असलेल्या बाईची साखर त्यानं भडकते.

प्रत्येक खवखव कोरोना नसते

तुरी झोडपताना उडालेली धूळ, चुलीचा धूर, साधं पडसं, ओरडून बसलेला आवाज, कशानंही घसा दुखतो. धुळीचा घसा काम थांबलं की उतरतो, अंग मोडून येत नाही. पण घशात डोकावून कोरोना आहे की पडसं आहे हे डॉक्टरलाही सांगता येत नाही, म्हणून तर तपासणी आहे.

काही घसे मात्र कोरोनाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. थुंकी गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, आवाज घोगरा होऊन मान सुजली आहे. लेकराच्या घशात करडा-पांढरा पापुद्रा दिसतो आहे. तो घटसर्प असू शकतो, त्यात एक दिवसही घालवायचा नाही. आणि कोरोना निघालेल्या माणसाला धाप लागली, छाती दुखली, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, किंवा बोटावरचं यंत्र 94 च्या खाली गेलं, तर रात्र असली तरी निघायचं. यंत्र लावताना बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, हात गार नको, आणि एक मिनिट थांबून आकडा वाचायचा. बऱ्याच आशाताईंकडं हे यंत्र असतं.

दंडाचं काय

आता पुन्हा त्या सतरंजीवर येते. ती ताई दंडाच्या भीतीनं आली होती. दंड आपणच ठरवलेला आहे, शिस्तीसाठी, आणि तो बरोबरच आहे. पण घसा दुखणाऱ्या बाईला तो बैठकीत ओढून आणत असेल, तर नियमात एक ओळ वाढवावी लागेल.

माझी सूचना अशी आहे. घसा, ताप, खोकला असेल तर सकाळीच अध्यक्ष किंवा सचिव ताईंना फोन करायचा. ती गैरहजेरी 'आजारपण' म्हणून इतिवृत्तात लिहायची, दंड नाही. बचत आणि हप्ता घरातल्या बऱ्या माणसाच्या हातून किंवा फोनवरून पाठवायचा. खोटं कारण सांगून कुणी सवलत घेईल ही भीती मला दोन ठिकाणी ऐकू आली. त्यावर एका मावशीचं उत्तर मला आवडलं. म्हणाली, "एखादी खोटं बोलली तर दहा रुपये बुडतील. खरं सांगणारी आली तर माझी सून बुडंल."

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते ठरावाच्या वहीत लिहून मला कळवा. आणि ज्यांच्या घरी माझ्या आजीसारखं कुणी आहे, त्यांनी आजच ठरवून ठेवा, की घसा धरला तर आपलं अंथरूण कुठं पडणार. रात्री दहाला, अंग मोडून आलेलं असताना, ते सुचत नाही.